चाळीतले आवाज: ‘म्हणजे’ आणि ‘हं’ कापण्याच्या नादात काय काय कापलं गेलं

१२ जानेवारी २०२५

लालबागमधल्या एका चाळीचा पुनर्विकास होणार आहे. इमारत पाडण्याआधी जुन्या रहिवाशांचे आवाज जपून ठेवावेत असं मंडळाच्या डोक्यात आलं. सहा जणांशी गप्पा मारायच्या, प्रत्येकाचा आठेक मिनिटांचा तुकडा काढायचा आणि गुढीपाडव्याला मंडळाच्या खोलीत सगळ्यांना ऐकवायचा. माझी मैत्रीण याच चाळीत लहानाची मोठी झाली, त्यामुळे बोलतं करणं तिच्याकडे. रेकॉर्डिंग आणि काटछाट माझ्याकडे. एरवी मी लग्नाच्या व्हिडिओंचा आवाज साफ करते. ‘अं’, खोकला, खुर्चीची करकर दिसली की उडवायची, ही हाताला लागलेली सवय. पुढचा निम्मा घोळ या सवयीमुळेच झाला.

खर्च: दोन कॉलर माइक, प्रत्येकी ११०० रुपये. रेकॉर्डर उसना. डोंबिवली ते करी रोड लोकलचं तिकीट धरत नाही.

पहिल्या आजी. वय ऐंशीच्या पुढे. गिरण्या चालू असताना घरातच खाणावळ चालवायच्या. गावाकडे कुटुंब ठेवून आलेले कामगार त्यांच्याकडे जेवायचे. बोलायला एकदम खुल्या, निदान मला तसं सांगितलं होतं.

मैत्रिणीला मी बजावून ठेवलं होतं, “आजी बोलत असताना तू आवाज करायचा नाहीस. नुसती मान हलव.” व्हिडिओवाल्यांचा हा नेहमीचा नियम आहे. समोरच्याचा ‘हं हं’ उत्तरावर चढला की कापता येत नाही.

आजी दोन वाक्यं बोलायच्या आणि थांबायच्या. “ऐकतेयस ना?” पुन्हा दोन वाक्यं. “झालं, असं होतं.” वीस मिनिटांत चार वेळा “अजून काय सांगू?” तांदूळ कुठून यायचा हे विचारलं तर उत्तर एवढंच, “नाक्यावरून.” अडतीस मिनिटांचं रेकॉर्डिंग झालं, पण गोष्ट म्हणावी असं त्यात काहीच नाही. मला वाटलं, आजी माइकला बुजल्या. घरी निघताना जिन्यात त्यांनीच मैत्रिणीला हळूच विचारलं, “रागावलीस का गं माझ्यावर?”

१४ जानेवारी

दोन दिवस चुकीच्या जागी शोधत बसले. माइक बदलून पाहिला, प्रश्नांची यादी बदलली. मग पुन्हा रेकॉर्डिंग ऐकताना लक्षात आलं की आजी थांबतात त्या सगळ्या जागा एकसारख्या आहेत. वाक्याच्या शेवटी ‘ना’ येतो, आवाज किंचित वर राहतो आणि पुढे पाऊण-एक सेकंद शांतता. त्या शांततेत मैत्रिणीचा ‘हं’ यायला हवा होता. तो मी बंद करून ठेवला होता. मान हलवलेली आजींना दिसतही नसावी, कारण खोलीत उजेड कमी आणि त्यांना मोतीबिंदू.

यावर एक प्रयोग झालेला आहे. कॅनडात जॅनेट बाव्हेलस आणि सहकाऱ्यांनी तो २००० साली प्रसिद्ध केला. एकाने आपल्यावर ओढवता ओढवता टळलेल्या प्रसंगाची गोष्ट सांगायची आणि दुसऱ्याने ऐकायची. काही ऐकणाऱ्यांना गुपचूप वेगळंच काम दिलं होतं: सांगणारा ‘टी’ अक्षराने सुरू होणारे किती शब्द बोलतो ते मोजायचे. मोजण्यात गुंतल्यावर त्यांचे हुंकार कमी झाले, योग्य जागी येणारं ‘अरे बापरे’ तर जवळपास गेलंच. आणि गोष्ट बिघडली ती सांगणाऱ्याची. नेमका रंगायला हवा तो शेवट ढेपाळला. आमच्या आजींचं हेच झालं होतं, फक्त मोजणी ऐवजी मी मैत्रिणीच्या तोंडाला कुलूप लावलं होतं.

२६ जानेवारी

पुन्हा बसलो. या वेळी मैत्रिणीला मोकळं सोडलं. एक्केचाळीस मिनिटं, आणि त्यात गिरणी संपाच्या दिवसांची अख्खी गोष्ट मिळाली. “तांदूळ कुठून यायचा?” या त्याच प्रश्नाला या वेळी चार मिनिटं उत्तर.

करून बघणाऱ्यांसाठी दोन गोष्टी लिहून ठेवते. ‘हं’ खाली उतरत जाणारा हवा. एका ठिकाणी मैत्रिणीला आश्चर्य वाटलं आणि तिचा ‘हं?’ वर गेला. आजींना वाटलं हिला ऐकू आलं नाही. त्यांनी अख्खं वाक्य पुन्हा, मोठ्या आवाजात म्हटलं. आश्चर्यच दाखवायचं तर ‘अगं बाई’ किंवा ‘काय सांगतेस’ म्हणावं, गोष्ट पुढे जाते.

दुसरं, सलग ‘हो हो हो’ म्हणू नये. ते ऐकलं की सांगणाऱ्याला वाटतं हिला हे आधीच माहीत आहे, आणि तो आवरतं घेतो. तीन मिनिटं अशी गेली.

२ फेब्रुवारी

काटछाट सुरू. ऑडॅसिटी या आवाज कापायच्या प्रोग्रॅममध्ये चांगला बारा मिनिटांचा भाग वेगळा काढला. अडखळणारा प्रत्येक शब्द निवडून Ctrl+B दाबायचं, लेबल लिहायचं. शेवटी लेबलांची फाइल बाहेर काढली की साधारण अशी दिसते: सुरुवात, शेवट, शब्द.

```
312.480	312.910	म्हणजे
314.205	314.390	ना
317.020	317.660	हे
```

मग कोणता शब्द किती वेळा आला हे मोजायला:

```
cut -f3 aaji2.txt | LC_ALL=C sort | LC_ALL=C uniq -c | sort -rn
```

पहिल्याच मोजणीत घोटाळा. कधी ‘म्हणजे’ लिहिलं होतं, कधी जसं ऐकू आलं तसं ‘म्हंजे’. दोन वेगळे शब्द मोजले गेले. एकच लेखन ठरवा आणि मगच बसा. माझा दीड तास दुरुस्तीत गेला. लेबलं लावायला एकूण पाच तास, बारा मिनिटांना.

एकशे त्रेसष्ट जागा निघाल्या. सगळ्यात जास्त ‘म्हणजे’, खालोखाल ‘ना’, मग ‘तर’, ‘हे’, ‘बरं’. मी सगळ्या उडवल्या. शिवाय मैत्रिणीचा ट्रॅक बंद करून टाकला, कारण कार्यक्रम आजींचा. बारा मिनिटांचे साडेनऊ झाले. खूश होऊन झोपले.

५ फेब्रुवारी

मंडळाच्या सेक्रेटरी काकांना ऐकवलं. पूर्ण ऐकून म्हणाले, “नाही म्हणजे, छान झालंय. पण...” गंमत अशी की ‘नाही म्हणजे’ कानावर पडताच मला कळलं, आता ‘पण’ येणार. म्हणजे तीन दिवसांपूर्वी मी ज्याला कचरा समजून टाकला, तोच शब्द आत्ता मला वाईट बातमीसाठी तयार करत होता.

पण काय? “आजी बातम्या वाचतायत असं वाटतं. आणि यांचे मिस्टर कुठे गेले?”

मिस्टर! पुन्हा ऐकलं. खरंच नव्हते.

६ फेब्रुवारी

मूळ आणि कापलेलं शेजारी ठेवून एकच तुकडा शब्दाशब्दाने तपासला. हा मूळ:

“तर आमच्याकडं, म्हणजे खाणावळीत, चाळी... म्हणजे बेचाळीस माणसं होती ना.”
“हं.”
“तर संप झाला. आता संप म्हणजे काय, पगार नाही. बरं, पगार नाही तर ह्याचे... जेवणाचे पैसे कुठून देणार?”
“हं.”
“मग हे म्हणाले, लिहून ठेव. मी म्हटलं, मी लिहीन, पण तो हा... तांदूळवाला, तो माझं लिहून घेईल का?”

आणि हे माझं ‘स्वच्छ’ केलेलं:

“आमच्याकडं खाणावळीत चाळी बेचाळीस माणसं होती. संप झाला. संप काय, पगार नाही. पगार नाही तर जेवणाचे पैसे कुठून देणार? म्हणाले, लिहून ठेव. मी म्हटलं, मी लिहीन, पण तांदूळवाला, तो माझं लिहून घेईल का?”

नुकसान एकेक करून.

बेचाळीस माणसं. आजींना आधी चाळीस म्हणायचं होतं, शब्द अर्ध्यावर तोडून त्यांनी ‘म्हणजे’ने तो दुरुस्त केला. नेमका आकडा बेचाळीस, आजींच्या हिशेबाच्या वहीत तसाच आहे. ‘म्हणजे’ काढल्यावर उरलं ‘चाळी बेचाळीस’, आणि ऐकणाऱ्याच्या कानात ते सरळ ‘चाळीस-बेचाळीस’ होतं. मराठीत दोन आकडे शेजारी आले की अर्थ होतो ‘साधारण’. दहा-बारा, चाळीस-बेचाळीस. वहीवर बोट ठेवून हिशेब सांगणारी बाई मी अंदाजपंचे बोलणारी करून टाकली.

‘संप म्हणजे काय.’ इथे तर ‘म्हणजे’ अडखळण्याचा शब्दच नाही, वाक्याचा कणा आहे. तो काढल्यावर ‘संप काय’ असं उरतं आणि आजी संपाला तुच्छ लेखतात असं वाटतं. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या त्या संपाने यांची खाणावळ बसली. तुच्छ कशाला लेखतील?

आणि मिस्टर. आजी नवऱ्याचं नाव घेत नाहीत. नवरा म्हणजे ‘हे’. मी सगळे ‘हे’ उडवले, त्यात नवराही गेला. साडेनऊ मिनिटांत तो एकदाही आला नाही. ओळखायची खूण सोपी होती आणि मी बघितली नाही: ‘हे’च्या मागून आदरार्थी क्रियापद आलं, ‘म्हणाले’, ‘आले’, ‘रागावले’, तर तो माणूस आहे. शब्द सापडेपर्यंत जागा धरणारा ‘हे’ असा क्रियापदाला जोडलेला नसतो, त्याच्यामागे थांबा असतो.

जागा धरणाऱ्या ‘हे’मध्येही एक बारीक गोष्ट आहे. तो नुसता आवाज नाही, त्याला लिंग आणि विभक्ती लागते. ‘तो हा...’ म्हटल्यावर कळतं की येणारा शब्द पुल्लिंगी. ‘ह्याचे...’ म्हटल्यावर कळतं की कशाचे तरी पैसे. रेकॉर्डिंगमध्ये एका ठिकाणी आजी सुनेला सांगतात, “अगं ती ही आण... ती...” आणि सून स्वयंपाकघरातून परात घेऊन येते, शब्द येण्याआधीच. पीठ मळण्याबद्दल बोलणं चाललं होतं, वस्तू स्त्रीलिंगी, मग परातच. हा भाग मी आता कापणार नाही. मागे परात आपटल्याचा आवाजही आलाय, छान आलाय.

९ फेब्रुवारी

नवीन पद्धत. लेबलात शब्दापुढे त्याचं कामही लिहायचं:

```
312.480	312.910	म्हणजे|दुरुस्ती
330.115	331.240	म्हणजे|पाळी
```

‘म्हणजे’ची चार कामं सापडली. आधीचं नेमकं करणं (‘आमच्याकडं, म्हणजे खाणावळीत’). चुकलेलं दुरुस्त करणं. अर्थ सांगणं. आणि चौथं, पुढचं वाक्य जुळेपर्यंत आपली पाळी धरून ठेवणं. यातलं फक्त चौथं कापता येतं, तेही सगळं नाही. कानाने ओळखायचं असं: दुरुस्तीत आधीचा शब्द तोडल्यासारखा संपतो आणि ‘म्हणजे’नंतर त्याच जातीचा शब्द येतो, आकड्यामागे आकडा, नावामागे नाव. पाळी धरायच्या ‘म्हणजे’चा शेवट लांबतो, ‘म्हणजेऽऽ’, आणि मागून शांतता येते.

आजींचा नातू दारात उभा राहून माझं काम बघत होता. तो मित्राला फोनवर सांगत होता, “बोले तो, आजीचं पॉडकास्ट बनतंय.” मुंबईच्या हिंदीतला हा ‘बोले तो’ ‘म्हणजे’चा सख्खा भाऊ. दोन्हींच्या पोटात ‘बोलणं’च आहे. त्यालाही चार कामं असतील, पण त्याच्या मागे लागले नाही.

१६ फेब्रुवारी

‘ना’ आणि ‘हं’ यांनी सगळ्यात जास्त दमवलं.

‘बेचाळीस माणसं होती ना’ यातला ‘ना’ काढला की ती बातमी होते. ‘ना’सकट ती पुढच्या गोष्टीची बैठक होते: हे तुला माहीतच आहे, आता यावर पुढचं ऐक. शिवाय वाक्याचा चढता सूर ‘ना’वर संपतो. तो कापला की वाक्य जिन्यावरून पाय घसरल्यासारखं संपतं. आवाज हळूहळू उतरवणाऱ्या कुठल्याही फेडने ते सुधारत नाही. मी दोन संध्याकाळी प्रयत्न केला.

बरं, ‘ना’ ठेवला आणि मैत्रिणीचा ट्रॅक बंद ठेवला तर? आजी ‘ना’ म्हणून कोणाची तरी वाट बघतात आणि कोणीच बोलत नाही. ऐकताना अवघडल्यासारखं होतं. शिवाय दहा बाय बाराच्या खोलीत एकीचा आवाज दुसरीच्या माइकमध्ये जातोच. ट्रॅक बंद केला तरी आजींच्या माइकमधून भिंतीपलीकडून आल्यासारखा पुसट ‘हं’ येत राहतो. भूत बोलल्यासारखं.

म्हणून नियम केला: ‘ना’ आणि त्याचा ‘हं’ ही जोडी. ठेवायची तर दोन्ही, काढायची तर दोन्ही, आणि मधली शांतताही त्यांच्याबरोबर. मैत्रिणीचा ट्रॅक परत चालू केला, फक्त आजींपेक्षा सहा डेसिबलने खाली. वाक्याच्या मधोमध पडलेले काही ‘हं’ तेवढे काढले. कापलेल्या जागी खोलीचा आवाज भरावा लागतो. तो मी पहिल्या दिवशी वेगळा घेतलाच नव्हता. आजी चहा गाळत होत्या तेव्हाचे सात सेकंद सापडले, त्यावर भागवलं. तुम्ही सुरुवातीलाच अर्धा मिनिट सगळ्यांना गप्प बसवून तो रेकॉर्ड करून ठेवा.

‘बरं’ला हातच लावला नाही. ‘बरं, पगार नाही तर’ म्हणताना आजी एक पायरी संपवून दुसरीवर पाय ठेवतात. आणि ‘बरं का’ आलं की पुढच्या वाक्यात गोष्टीची गाठ सुटते, हे बारा मिनिटांत सहापैकी पाच वेळा खरं निघालं. सहाव्या वेळी दारात मांजर आलं होतं.

२३ फेब्रुवारी

आता हाच नियम दुसऱ्या रेकॉर्डिंगला लावला आणि आपटले. हे काका निवृत्त कारकून. प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘काय आहे ना’ने. इथे ‘ना’ असूनही ते कोणाच्या ‘हं’ची वाट बघत नाहीत, थेट पुढे जातात. पाळी घेतल्याची पाटी लावायची सवय, एवढंच. आठ मिनिटांत एकोणतीस वेळा. सगळे ठेवले तर ऐकणारा मोजायला लागतो आणि गोष्ट राहते बाजूला. विषय बदलतो तिथले ठेवले, बाकीच्यांतले निम्म्याहून जास्त काढले. काकांना फरक कळला नाही. काकूंना कळला. म्हणाल्या, “आज कमी बोलले हे.” (हे ‘हे’ मी ओळखलं.)

एका माणसाची यादी दुसऱ्याला चालत नाही. प्रत्येकाची पहिली पाच मिनिटं काहीही न कापता नुसती ऐकावी लागतात.

९ मार्च

आजींचा तुकडा पुरा. एकशे त्रेसष्टपैकी अडतीस जागाच कापल्या, जवळजवळ सगळ्या लांबलेल्या ‘म्हणजेऽऽ’च्या आणि ‘अं’च्या. त्यातही काही पूर्ण न काढता नुसत्या आखूड केल्या, कारण ‘तांदूळवाला माझं लिहून घेईल का’च्या आधीचा थांबा गेला तर प्रश्नातली धार जाते. उरलेली लांबी कमी करायला दोन उपकथा अख्ख्या काढल्या. शब्द खरवडत बसण्यापेक्षा हे सोपं पडलं. आठ मिनिटं चाळीस सेकंद. या एका तुकड्याला एकूण सत्तावीस तास गेले, त्यातले अकरा तरी पहिल्या साफसफाईत वाया.

३० मार्च

पाडवा. मंडळाच्या खोलीत पन्नासेक माणसं. ‘बेचाळीस माणसं होती ना’ आल्यावर पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघी ‘हं’ म्हणाल्या, रेकॉर्डिंगमधल्या मैत्रिणीच्या आधीच. आजी खुर्चीवर बसून स्वतःचंच बोलणं मन लावून ऐकत होत्या.

संपल्यावर मला जवळ बोलावलं. “सगळं चांगलं केलंस. पण तो माझा खोकला नाही का गं काढायचा?”

खरंच राहिला होता. चौथ्या मिनिटाला. घरी येऊन काढला, अकरा मिनिटं लागली, नवी फाइल मंडळाला पाठवली.